टिपणं आपल्याच पडद्यावर राहावीत म्हणून

नववीच्या वर्गशिक्षिका शनिवारी संध्याकाळी झूमवर पालकसभा घेणार आहेत, असं समजू. पॉवरपॉइंटमध्ये बारा स्लाइड तयार आहेत. चौथ्या स्लाइडवर पहिल्या घटक चाचणीचा साधा आलेख आहे, त्यात कुणाचंही नाव नाही. पण त्याच स्लाइडच्या खाली, नोट्सच्या चौकटीत, बाईंनी स्वतःसाठी लिहून ठेवलंय की गणितात तिघं मागे आहेत, त्यांची नावं सभेत घ्यायची नाहीत, आणि त्यातल्या एकाच्या घरी आजारपण चालू असल्यामुळे त्याच्या आईशी नंतर वेगळं बोलायचं. तिघांची नावंही तिथेच आहेत. नवव्या स्लाइडखाली लिहिलंय की इथे सहलीच्या पैशांचा विषय निघेल, त्याचं उत्तर मुख्याध्यापक देतील, आपण थांबायचं.

अशी टिपणं लिहिणं चांगलंच आहे. बोलताना काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही, दोन्ही डोळ्यांसमोर असलं की सभा नीट होते. मात्र ती चाळीस घरांतल्या पडद्यांवर गेली, तर एका मुलाच्या घरातली गोष्ट सगळ्या वर्गाला कळेल. टिपणं बोलणाऱ्याला दिसावीत आणि ऐकणाऱ्यांना फक्त स्लाइड दिसावी, यासाठी पॉवरपॉइंटमध्ये ‘प्रेझेंटर व्ह्यू’ नावाची सोय आहे. 2013 च्या आवृत्तीपासून संगणकाला दोन पडदे जोडलेले असले की ती आपोआप सुरू होते. एका पडद्यावर भरून स्लाइड दिसते. दुसऱ्यावर चालू स्लाइड, तिच्या उजवीकडे पुढची स्लाइड, त्याखाली टिपणं आणि वर किती वेळ झाला ते सांगणारं घड्याळ.

सोय चांगली आहे, पण तिची एक मर्यादा नीट समजून घ्यायला हवी. प्रेझेंटर व्ह्यू टिपणं लपवत नाही. तो ती फक्त एका ठरावीक पडद्यावर ठेवतो. झूमसारखं सॉफ्टवेअर त्यातलं काय पालकांना पाठवतं, यावर पॉवरपॉइंटचा काहीही ताबा नसतो. झूमला टिपण आणि स्लाइड यांतला फरक कळत नाही. त्याला एक पडदा किंवा एक खिडकी नेमून दिलेली असते आणि तिथे जे उमटेल ते तो जसंच्या तसं पाठवतो. म्हणजे इथे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. स्लाइड शो कोणत्या पडद्यावर लावायचा, हा पॉवरपॉइंटमधला. कोणता पडदा शेअर करायचा, हा झूममधला. हे दोन्ही एकाच पडद्याकडे बोट दाखवत असतील, तरच टिपणं खासगी राहतात.

त्याच्याही आधी विंडोजमधला एक निर्णय असतो. लॅपटॉपला एचडीएमआय केबलने दुसरा मॉनिटर किंवा घरातला टीव्ही जोडला की विंडोजची खूण असलेली कळ आणि P एकत्र दाबायचं. चार पर्याय येतात. त्यातला Duplicate निवडला, तर दोन्ही पडद्यांवर एकच चित्र येतं. वर्गातल्या प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडायची सवय असलेल्यांचा हात याच पर्यायाकडे जातो. आपल्याला हवा आहे Extend. यात दोन्ही पडदे शेजारी शेजारी लावलेल्या दोन टेबलांसारखे होतात. जागा सलग असते, माउस एकावरून दुसऱ्यावर जातो, पण एका टेबलावर ठेवलेली वस्तू दुसऱ्यावर दिसत नाही.

Duplicate राहून गेलं, तर टिपणं लगेच बाहेर पडत नाहीत. धोका वेगळ्या वाटेने येतो. दोन पडद्यांवर एकच चित्र असल्यामुळे पॉवरपॉइंटच्या लेखी पडदा एकच असतो. मग प्रेझेंटर व्ह्यू उघडतच नाही आणि दोन्हीकडे नुसती स्लाइड दिसते. बोलणारा गोंधळतो, कारण त्याला टिपणं हवी असतात. तो स्लाइडवर उजवं बटण दाबतो, तिथे Show Presenter View दिसतं, त्यावर क्लिक करतो. टिपणं त्याला दिसतात आणि त्याच क्षणी सगळ्यांनाही दिसतात. एकच पडदा असलेल्या लॅपटॉपवर पूर्ण स्क्रीन शेअर करून कुणी हेच केलं, तरी परिणाम तोच. टिपणं समोर दिसेनाशी झाली की ती परत आणायची घाई होते आणि बहुतेक वेळा घोटाळा त्या घाईत होतो. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: स्लाइड शो सुरू केल्यावर प्रेझेंटर व्ह्यू आपोआप आला नाही, तर तो ओढून आणायचा नाही. आधी Extend आहे का ते पाहायचं.

आता बाईंच्या घरी जाऊ. लॅपटॉप आहे आणि मुलाच्या टेबलावरचा एक जुना मॉनिटर आणून जोडला आहे. कोणत्या पडद्यावर काय ठेवायचं? पुष्कळांना वाटतं की मोठ्या मॉनिटरवर टिपणं घ्यावीत, वाचायला बरं पडतं. ऑनलाइन सभेत मी याच्या उलट सांगेन. कॅमेरा लॅपटॉपच्या वरच्या कडेला असतो. टिपणं लॅपटॉपवर असली, तर ती वाचताना नजर कॅमेऱ्याच्या जवळपास राहते आणि पालकांना वाटतं की बाई आपल्याशीच बोलताहेत. टिपणं बाजूच्या मॉनिटरवर गेली की दर वाक्याला मान वळते. शिवाय स्लाइडकडे आपल्याला टक लावून पाहायचं नसतं, तिची लहान प्रत प्रेझेंटर व्ह्यूमध्ये असतेच. म्हणून जोडलेल्या मॉनिटरवर स्लाइड आणि लॅपटॉपवर टिपणं. तो मॉनिटर जुना असला, थोडा बाजूला ठेवला असला, तरी काही बिघडत नाही. त्याचं काम स्लाइडला स्वतःची जागा देणं एवढंच आहे.

यासाठी विंडोजच्या Settings मध्ये System आणि त्यात Display उघडावं. तिथे दोन चौकोन दिसतात, 1 आणि 2. Identify दाबलं की प्रत्येक खऱ्या पडद्यावर त्याचा आकडा मोठ्या अक्षरात उमटतो. लॅपटॉपचा चौकोन निवडून खाली Make this my main display वर खूण करावी. मॉनिटर प्रत्यक्षात डाव्या हाताला ठेवला असेल, तर त्याचा चौकोनही ओढून डावीकडे न्यावा, नाहीतर माउस उजवीकडे शोधत बसावं लागतं. जोडलेला पडदा 4K टीव्ही असेल, तर तिथेच त्याचं रिझोल्यूशन 1920 × 1080 करून ठेवावं. एवढं मोठं चित्र इंटरनेटवरून पाठवण्यात फायदा काही नाही आणि पालकांच्या फोनवर ते पुन्हा लहानच होणार असतं. टीव्ही जोडल्यावर आवाजही बरेचदा टीव्हीकडे वळतो, तेव्हा खाली उजवीकडच्या स्पीकरच्या खुणेवर जाऊन आवाज कुठून येतोय ते पाहून घ्यावं.

त्यानंतर पॉवरपॉइंट. Slide Show या टॅबमध्ये Use Presenter View वर खूण हवी. त्याच्या शेजारी Monitor नावाची यादी असते. तिथे बहुधा Automatic असतं आणि बहुतेक वेळा ते बरोबर पडदा शोधतंही. तरी मी तिथे जोडलेला मॉनिटर स्वतः निवडतो. या यादीत निवडतो तो पडदा स्लाइडचा, टिपणांचा नव्हे. तिथे गफलत झाली, तर दोन्ही जागा उलट होतात.

मग F5 दाबून पाहायचं. मॉनिटरवर पहिली स्लाइड भरून आली आणि लॅपटॉपवर टिपणं आली, तर अर्धं काम झालं. टिपणांच्या खाली मोठं आणि लहान A असतं, त्याने अक्षर हवं तेवढं वाढवता येतं. मधल्या रेषा ओढून टिपणांची चौकट रुंद करता येते. ही चौकट अगदी पुरेशी मोठी करावी, म्हणजे एका स्लाइडचं टिपण सरकवावं न लागता दिसेल. सरकवावं लागत असेल, तर टिपण लांब झालंय. आपण वाचून दाखवतोय हे ऐकणाऱ्यांना चटकन कळतं. बाईंचं चौथ्या स्लाइडचं टिपण मी असं लिहीन: ‘सरासरी सुधारली. भूमितीत अडचण. नावं नाहीत.’ नऊ वाजेपर्यंत चालणाऱ्या सभेत एका नजरेत एवढंच टिपता येतं.

राहिला झूमचा निर्णय. स्लाइड शो चालू ठेवूनच झूमकडे यावं, आधी शेअर करून मग शो सुरू करू नये. याला कारण आहे. आधी शेअर केलं आणि चुकून पॉवरपॉइंटची नेहमीची, काम करायची खिडकी निवडली गेली, तर स्लाइडच्या खाली टिपणांची चौकट उघडी असते आणि सभा सुरू व्हायच्या आधीच सगळं दिसून जातं. शो आधी चालू असेल, तर पालकांना पहिल्या क्षणापासून भरलेली स्लाइडच दिसते, मधलं काहीच दिसत नाही.

प्रेझेंटर व्ह्यूने लॅपटॉपचा पडदा व्यापलेला असतो, पण Alt आणि Tab ने झूमची खिडकी पुढे आणता येते. प्रेझेंटर व्ह्यूच्या वरच्या कडेला Show Taskbar आहे, तेही चालतं. झूममध्ये Share दाबलं की पडद्यांची आणि खिडक्यांची लहान लहान चित्रं दिसतात. इथे क्रमांकावर विसंबू नये. झूमचा एक आणि दोन हा विंडोजच्या एक आणि दोनशी जुळेलच असं नाही. चित्र पाहून निवडावं. ज्या चित्रात नुसती स्लाइड आहे तो पडदा आपला, आणि ज्यात घड्याळ आणि पुढची स्लाइड दिसतेय त्याला हातही लावायचा नाही. निवड झाल्यावर शेअर होणाऱ्या पडद्याभोवती हिरवी कड येते. ती कड जोडलेल्या मॉनिटरभोवती असली पाहिजे. लॅपटॉपभोवती दिसली, तर तत्काळ थांबायचं.

शेअर केल्यावर बहुतेकांना एक छोटी अडचण येते. बाण दाबला तरी स्लाइड पुढे जात नाही. कारण शेवटचा क्लिक झूमवर झालेला असतो आणि कीबोर्डही झूमकडेच असतो. Alt आणि Tab ने प्रेझेंटर व्ह्यूवर परत येऊन मोकळ्या जागी एकदा क्लिक केलं की बाण चालू होतात. हे माहीत नसलं की माणूस घाबरून शो बंद करतो, पुन्हा सुरू करतो आणि त्या धांदलीत नको ती खिडकी शेअर होते.

एवढं सगळं करूनही पालकांना नक्की काय दिसतंय हे आपल्या पडद्यावरून कळत नाही. त्यासाठी एकच खरी तपासणी आहे. आपल्याच मोबाइलवरून सभेत दुसरं नाव घेऊन सामील व्हायचं, आवाज न जोडता, म्हणजे किंकाळीसारखा प्रतिध्वनी येणार नाही. फोन लॅपटॉपच्या शेजारी उभा ठेवायचा. त्यात दिसतं ते सगळ्यांना दिसतं. चित्र क्षणभर उशिरा येतं, ते चालायचंच. बाईंनी पालक आत येण्याच्या वीस मिनिटं आधी, फोनवर पाहत, सगळ्या बारा स्लाइड एकदा पुढे मागे करून पाहाव्यात. चौथ्या स्लाइडवर थांबून फोनकडे नीट पाहावं, कारण खरी काळजी तिथलीच आहे. त्या वेळी लॅपटॉपवर तीन नावं असली पाहिजेत आणि फोनवर फक्त आलेख. सभा चालू असतानाही फोन तसाच राहू द्यावा. गप्पांच्या खिडकीत आलेले प्रश्नही त्यावर वाचता येतात आणि लॅपटॉपवर टिपणांखेरीज काही उघडावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र पडद्यांच्या या वाटणीत बसत नाही. जोडलेल्या मॉनिटरवर जे काही येईल ते पालकांना दिसतं. शोच्या वेळी कुठलीही खिडकी तिकडे ओढून नेली, तर ती गेलीच म्हणायची. उत्तरपत्रिकांची गुणयादी असलेली एक्सेल फाइल आधीच बंद करून ठेवावी. विंडोजच्या सूचनाही थांबवून ठेवाव्यात. विंडोज 11 मध्ये त्याला Do not disturb म्हणतात.

आता काळजी घेऊनही टिपणं दिसलीच, तर काय करायचं? फोनवर ते लगेच कळेल. त्या वेळी पॉवरपॉइंटमध्ये B दाबून पडदा काळा करण्याची सवय अनेकांना असते, पण इथे ती कामाला येत नाही. B ने पालकांसाठीची स्लाइड काळी होते, टिपणं तशीच राहतात, आणि शेअर होत असलेला पडदा टिपणांचा आहे. सरळ झूमच्या पट्टीवरचं लाल Stop Share दाबायचं. मग शांतपणे पुन्हा Share, या वेळी बरोबर चित्र निवडून. सभा ध्वनिचित्रमुद्रित होत असेल, तर ते क्षण मुद्रणातही उतरलेले असतात. ती फिल्म पालकांच्या गटावर टाकण्याआधी तेवढा भाग काढून टाकावा. टिपणं आणि स्लाइड एकमेकांच्या जागी गेली आहेत, एवढंच घडलं असेल, तर प्रेझेंटर व्ह्यूच्या वरच्या कडेला Display Settings मध्ये Swap Presenter View and Slide Show आहे. तो पर्याय दोन्ही पडद्यांवरचं चित्र आपापसांत बदलतो. मात्र हे शेअर थांबवूनच करावं, बदलाच्या त्या क्षणात पालकांना काय दिसेल याची खात्री नसते.

दुसरा मॉनिटर घरात नसेल, तरीही मार्ग आहे. पॉवरपॉइंटच्या Slide Show टॅबमध्ये Set Up Slide Show उघडून Browsed by an individual (window) निवडलं, तर शो सगळा पडदा न व्यापता एका खिडकीत चालतो. मग झूममध्ये पडद्याऐवजी तेवढीच खिडकी शेअर करायची. यात प्रेझेंटर व्ह्यू मिळत नाही. टिपणं वेगळ्या वर्ड फाइलमध्ये शेजारी उघडून ठेवावी लागतात, किंवा कागदावर. कागद काही कमी नाही, तो तर कधीच शेअर होत नाही. मायक्रोसॉफ्ट टीम्स वापरणाऱ्यांना एकाच पडद्यावर याहून सोपं पडतं. तिथे पॉवरपॉइंट लाइव्ह या पर्यायाने फाइलच सभेत दिली, की टिपणं आपल्यापुरती आणि स्लाइड सर्वांना, ही वाटणी टीम्स स्वतः करतं. गूगल स्लाइड्स आणि मीटमध्ये प्रेझेंटर व्ह्यू ब्राउझरच्या वेगळ्या खिडकीत उघडतो. म्हणून तिथे पूर्ण पडद्याऐवजी फक्त स्लाइडचा टॅब शेअर करावा.

सभा व्यवस्थित झाली, चौथी स्लाइडही नीट गेली, आणि शेवटी एक पालक लिहितात, ‘मॅडम, पीपीटी ग्रुपवर टाका ना.’ बाई फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. दोन पडद्यांची सगळी मेहनत इथे वाया जाऊ शकते, कारण टिपणं पीपीटी फाइलच्या आतच असतात. ती फाइल कुणीही पॉवरपॉइंटमध्ये उघडली की स्लाइडखाली तिन्ही नावं तशीच वाचता येतात. म्हणून फाइल पाठवायची ती पीडीएफ करून. पीडीएफ करताना Options मध्ये Publish what समोर Slides आहे ना ते पाहावं, तिथे Notes pages निवडलं गेलं तर टिपणंही छापली जातात. पीपीटीच द्यायची असेल, तर आधी तिची वेगळ्या नावाने प्रत करावी. त्या प्रतीत File, मग Info, मग Check for Issues, मग Inspect Document असं जाऊन Presentation Notes वर खूण करून तपासणी चालवावी आणि Remove All दाबावं. प्रत जतन करून पुन्हा उघडावी, चौथ्या स्लाइडखालची चौकट रिकामी दिसली की तीच पालकांच्या गटावर टाकावी. मूळ फाइल बाईंच्या लॅपटॉपवर राहते, पुढच्या महिन्यात त्या आईला फोन करताना त्यातली नोंद लागणारच आहे.